मेनू कार्ड तपासायचं तर आधी किचनमध्ये जा

प्रश्न: आमचं छोटं रेस्टॉरंट आहे, आठ टेबलं आणि ४६ पदार्थ. मेनू कार्ड नवऱ्याने आणि मी घरीच बनवलं. गिऱ्हाईक प्रत्येक पदार्थाला "यात काय असतं?" विचारतात, बिलाच्या वेळी किमतीवरून कुरबुर होते आणि गेल्या आठवड्यात एका बाईंनी ॲलर्जीचं विचारलं तर आमच्या वेटरला काहीच सांगता आलं नाही. कार्ड नव्याने छापायचं आहे. तपासणीला सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

छापखान्याचं काम सध्या थांबवा. तुमच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. कार्ड आठवणीतून लिहिलेलं आहे. कुठला पदार्थ कशाचा, केवढा, कितीला, हे तुम्हा दोघांच्या डोक्यात पक्कं आहे, त्यामुळे कार्डावर अर्धं लिहिलं तरी तुम्हाला पूर्ण वाचल्यासारखं वाटतं. समोर बसलेल्या माणसाला मात्र तेवढं अर्धंच दिसतं. म्हणून मी कार्डाची भाषा किंवा मांडणी पहिल्या दिवशी बघतच नाही. आधी टेबलांवरचे प्रश्न गोळा करते, मग किचनमध्ये उभी राहते, आणि सगळ्यात शेवटी कार्ड हातात घेते.

प्रश्न गोळा करण्याची रीत अगदी साधी आहे. सध्याच्या कार्डाची एक झेरॉक्स काउंटरजवळ टांगायची, दोरीला पेन बांधायचं. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाने कुठल्या पदार्थाबद्दल काही विचारलं की वेटरने त्या ओळीपुढे एक अक्षर लिहायचं. काय असतं असं विचारलं तर "व", किंमत किंवा आकार विचारला तर "कि", आणि "अमुक आहे का यात, मला चालत नाही" असं विचारलं तर "अ". चार दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस हवाच, कारण त्या दिवशी नवे लोक येतात. नेहमीचं गिऱ्हाईक काही विचारत नाही. त्याला तुमचं कार्ड पाठ झालेलं असतं.

मी हे जिथे जिथे केलं तिथे खुणा सगळ्या कार्डभर सारख्या पसरलेल्या कधीच दिसल्या नाहीत. आठ-दहा ओळींभोवती गर्दी असते आणि बाकी कार्ड कोरं राहतं. म्हणजे सगळं कार्ड नव्याने लिहायची धास्ती घ्यायचं कारण नाही. ॲलर्जीचा भाग तेवढा सगळ्या ४६ पदार्थांसाठी करावा लागेल, त्यात सूट नाही.

आता किचन. पदार्थाचं साहित्य आचाऱ्याला विचारून लिहू नका. तो खोटं सांगणार नाही, पण हात सवयीने जे टाकतात ते तोंडाला आठवत नाही. पदार्थ होत असताना शेजारी उभं राहायचं आणि कढईत पडणारी प्रत्येक गोष्ट लिहायची. जे काही बाटलीतून, पाकिटातून किंवा डब्यातून आलं त्याच्या लेबलचा फोटो काढायचा. डब्यावर लेबल नसेल, म्हणजे मोठ्या पाकिटातून डब्यात ओतलेलं असेल, तर मूळ पाकीट शोधायचं. मूळ पाकीट फेकून दिलेलं असेल, तर पुढच्या खेपेचं पाकीट हातात येईपर्यंत त्या पदार्थाची नोंद अर्धवट समजायची.

एका सुपाचं उदाहरण सांगते, म्हणजे मी एवढा आग्रह का धरते ते कळेल. एका छोट्या रेस्टॉरंटच्या कार्डावर शाकाहारी विभागात ही ओळ होती:

क्रीमी मशरूम डिलाइट: आमच्या खास पद्धतीने बनवलेलं चविष्ट व पौष्टिक सूप

आचाऱ्याने साहित्य सांगितलं ते असं: मशरूम, कांदा, बटर, दूध, क्रीम, मीठ, मिरी. सात गोष्टी. मी शेजारी उभी राहिले तेव्हा आणखी चार दिसल्या. बटरमध्ये कांदा परतल्यावर दोन चमचे मैदा पडला, सूप घट्ट व्हायला. मग स्टॉकची एक वडी पडली. वाढताना वर तळलेले पावाचे तुकडे आले आणि शेवटी बाटलीतल्या हिरव्या सॉसची एक रेघ, "दिसायला छान म्हणून".

मैदा आणि पाव म्हणजे गहू. स्टॉकच्या वडीच्या लेबलवर सेलरी आणि गहू होतं. हिरवा सॉस बेझिलचा होता, आणि त्याच्या लेबलवर काजू, चीज आणि अंडं. अंडं कशाला, असं मालकांनी विचारलं. काही कडक चीज बनवताना लायसोझाइम नावाचं एन्झाइम वापरतात, ते अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढलेलं असतं, म्हणून लेबलवर तसा उल्लेख येतो. बाहेर वाढणाऱ्या एकाही माणसाला या सुपात काजू आहे हे माहीत नव्हतं. आणि वड्यांच्या डब्यात हात घातला तर भाजीच्या स्टॉकच्या वड्यांखाली चिकनच्या स्टॉकच्या वड्या निघाल्या. मागच्या महिन्यात भाजीच्या संपल्या होत्या, त्या दिवशी दुकानात मिळाल्या त्या आणल्या, आणि राहिलेल्या त्याच डब्यात पडल्या. कार्डावर सूप शाकाहारी होतं, पण वाटीतलं सूप शाकाहारी आहे की नाही हे डब्यातून कुठली वडी हाताला लागते त्यावर होतं.

हे सगळं एका ओळीच्या मागे होतं. वर्णन सुधारा म्हणून मला बोलावलं होतं, आणि नुसती भाषा सुधारून दिली असती तर मी त्या ओळीवर फक्त रंग मारला असता.

प्रत्येक पदार्थाचा असा एकेक कागद करा. वर नाव, खाली साहित्य, कुठल्या कंपनीचं पाकीट, शिजवायची पद्धत, किती वाढायचं ते मापून, सोबत काय, वरून काय, कुठल्या तेलात तळलं, आणि तारीख. ४६ कागदांना दोघांना मिळून साधारण आठवडा लागेल. हे झालं की वर्णन, किंमत आणि ॲलर्जीची टीप, तिन्ही त्या कागदावरून उतरवायच्या. पुन्हा आठवणीतून काही लिहायचं नाही.

वर्णनाबद्दल माझा नियम असा की ओळ वाचून ताट डोळ्यांपुढे आलं पाहिजे. मुख्य जिन्नस काय, तो कसा शिजवलाय, सोबत काय येतं, आणि चवीत काही ठळक असेल (तिखट, आंबट, धुरकट) तर ते. बारा-पंधरा शब्द पुष्कळ झाले. "चविष्ट", "अप्रतिम", "खास", "ताजं", "अस्सल" हे शब्द मी सरळ खोडते. गिऱ्हाईक वेटरला "चविष्ट आहे का?" असं विचारत नाही. ते विचारतं, "रस्सा असतो की कोरडं?" त्याचं उत्तर ओळीत हवं. स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की यांनी हजारो मेनू कार्डांची भाषा तपासली, त्यात असे पोकळ कौतुकाचे शब्द महागड्या ठिकाणांपेक्षा स्वस्त ठिकाणांच्या कार्डांवर जास्त सापडले. म्हणजे भपका आणायला घातलेला शब्द उलटच काम करत असावा.

वरचं सूप शेवटी असं झालं:

मशरूम सूप
दूध आणि क्रीममध्ये शिजवलेलं घट्ट सूप, वर काजू-बेझिल सॉस आणि तळलेले पावाचे तुकडे

"डिलाइट" गेल्याचं मालकांना वाईट वाटलं. नावं त्यांच्या मुलीने ठेवली होती. नाव ठेवायला माझी हरकत नसते, पण मग त्याखालची ओळ इतकी साधी हवी की नाव झाकलं तरी ऑर्डर देता यावी. हीच परीक्षा तुम्ही घरी घ्या. तुमच्याकडे कधी न जेवलेल्या माणसाला नाव झाकून फक्त वर्णन वाचून दाखवा आणि कागदावर ताट काढायला सांगा. चित्र कसंही येऊ दे, पण त्यात वाटी आहे की बशी, सॉस वर आहे की बाजूला, भात किंवा पाव सोबत आहे की नाही, एवढं बरोबर आलं तर वर्णन जमलं. तो जिथे पेन थांबवून तुमच्याकडे बघेल तिथे शब्द कमी पडलाय.

आणखी एक गोष्ट छोटी आहे पण प्रश्न फार निर्माण करते. एकाच गोष्टीला कार्डभर एकच शब्द ठेवा. एका पानावर "ग्रिल्ड", दुसऱ्यावर "भाजलेलं", तिसऱ्यावर "रोस्टेड" आणि तिन्ही एकाच जाळीवर होतात, असं मी कितीदा पाहिलंय. गिऱ्हाइकाला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत, मग ते फरक विचारतं आणि वेटर काहीतरी फरक तयार करून सांगतो.

मराठीत लिहिताना काही शब्द विशेष जपून वापरावे लागतात. "दाणे" म्हटलं की आपल्याला शेंगदाणे कळतात, पण मक्याचे आणि डाळिंबाचेही दाणेच असतात. "सुकामेवा" त्याहून वाईट. त्यात काजू-बदाम येतात तसे बेदाणे आणि अंजीरही येतात. बेदाण्याने काही होत नाही पण अक्रोडाने घसा सुजतो अशा माणसाला "सुकामेवा घातलेला केक" या ओळीतून काहीच कळत नाही. "पीठ" लिहिलं तर कशाचं, "मसाला" लिहिला तर त्यात मोहरी आहे का, "तेल" लिहिलं तर तिळाचं की आणखी कशाचं. जिन्नसाचं नाव घ्या, गटाचं नको.

किमतींकडे येऊ. कुरबुर बहुतेक वेळा किंमत जास्त आहे म्हणून नसते. मनात धरलेला आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नाही, म्हणून असते. हे तपासायला तीन अनोळखी माणसांना कार्ड द्यायचं, एक ठरावीक ऑर्डर सांगायची आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज करायला लावायची. त्याच रेस्टॉरंटमध्ये मी ऑर्डर दिली होती "लहान सूप, चिकन घातलेला पास्ता, वर जादा चीज". कार्डावर आकडे असे होते: सुपापुढे १४०/१९०, पास्त्यापुढे २६०/३१०*, जादा चीज ४०. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "* चिकन ५० जास्त".

पहिल्याला तारा दिसलाच नाही. त्याने पास्ता २६० धरला, बेरीज ४४०. दुसरीला वाटलं २६० म्हणजे भाज्यांचा आणि ३१० म्हणजे चिकनचा, कारण फरक नेमका ५० चाच आहे. तिची बेरीज ४९०. तिसऱ्याने ३१० मध्ये आणखी ५० मिळवले, कारण तारा त्याच आकड्याला चिकटलेला होता. बेरीज ५४०. तिघंही शहाणी माणसं, आणि कार्ड वाचण्यात तिघांची म्हणावी अशी चूक नाही. प्रत्यक्षात २६० म्हणजे अर्धी प्लेट, ३१० म्हणजे पूर्ण, आणि चिकनचे ५० दोन्हींवर. विचारलं नाही तर वेटर पूर्ण प्लेटच आणत असे. वर दहा टक्के सेवा आकार, त्याचा उल्लेख कार्डाच्या मागच्या पानावर. बिल आलं असतं ५९४. चारशे चाळीस धरून बसलेल्या माणसासमोर ५९४ ठेवल्यावर तो शांत राहील अशी अपेक्षाच चूक आहे.

दुरुस्तीत तिरपी रेघ, तारा आणि तळटीप तिन्ही काढून टाकली. पास्त्याखाली दोन ओळी आल्या: "अर्धी प्लेट (एकाला पुरेल) २६०, चिकन घालून ३१०" आणि "पूर्ण प्लेट (दोघांना पुरेल) ३१०, चिकन घालून ३६०". सुपापुढे "लहान, २०० मि.ली." आणि "मोठं, ३०० मि.ली." अशी मापं आली. ती मापं किचनमधल्या कागदावरच होती, फक्त उतरवायची होती. सेवा आकार आणि कर किमतीत मिळवावेत की वेगळे दाखवावेत याचे नियम प्रत्येक देशात निराळे आहेत, तेवढं तुमच्या हिशेबनिसाला विचारा. जिथे वेगळे दाखवणं भाग आहे तिथे ती ओळ पहिल्या पानावर, पदार्थांच्या अक्षराइतक्याच मोठ्या अक्षरात हवी.

किंमत कागदावर कुठे ठेवायची हाही प्रश्न येतो. सगळे आकडे उजव्या कडेला एकाखाली एक आणि मधे टिंबांची रांग, ही जुनी पद्धत. त्यात दोन अडचणी आहेत. मंद उजेडात टिंबांवरून नजर घसरते आणि शेजारच्या ओळीचा आकडा वाचला जातो. शिवाय आकड्यांचा उभा रकाना झाला की माणूस पदार्थ न वाचता सरळ आकडेच वरून खाली वाचत जातो. मी किंमत वर्णनाच्या शेवटी, दोन अक्षरांची जागा सोडून, त्याच टाइपात ठेवते. चलनाचं चिन्ह प्रत्येक ओळीत लागत नाही. २००९ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या सिबिल यांग आणि सहकाऱ्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये तपासलं तेव्हा नुसते आकडे छापलेलं कार्ड ज्यांना दिलं त्यांनी डॉलरचं चिन्ह किंवा शब्द छापलेलं कार्ड मिळालेल्यांपेक्षा जास्त खर्च केला. मी चिन्ह काढते ते त्यासाठी नव्हे, गिचमिड कमी होते म्हणून. पण जिथे चिन्ह लावणं नियमाने सक्तीचं आहे तिथे लावायचंच.

कार्डाच्या अमुक कोपऱ्यात नजर आधी जाते, तिथे महागडे पदार्थ ठेवा, असं डिझाइनवाले तुम्हाला सांगतील. यांगबाईंनीच २०१२ मध्ये वाचणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, त्यात लोक कार्ड पुस्तकासारखं क्रमाने वाचताना दिसले. त्या कोपऱ्यासाठी पैसे मोजू नका. जुन्या किमतीवर नवीन किमतीची चिकटपट्टीही लावू नका. खालचा आकडा किती होता ते बघायला माणूस ती नखाने खरवडतोच.

आता ॲलर्जी, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. याला कारण आहे. मी वाढायचं काम करत होते त्या काळात एका गृहस्थांनी विचारलं, "या सॉसमध्ये शेंगदाणा आहे का?" कार्डावर काही नव्हतं, म्हणून मी आत्मविश्वासाने "नाही" म्हणाले. सॉस घट्ट करायला शेंगदाण्याची पेस्ट वापरत होते. पाच-सात मिनिटांत त्यांचे ओठ सुजले. त्यांच्याजवळ इंजेक्शन होतं आणि पुढे दवाखान्यात सगळं निभावलं, पण "कार्डावर नाही म्हणजे पदार्थात नाही" असं मी त्यानंतर कधी गृहीत धरलेलं नाही.

कुठले घटक तपासायचे याची यादी स्वतः बनवू नका. तुमच्या देशाच्या अन्न खात्याची यादी बंधनकारक, ती आधी घ्या. पण किचनमधल्या कागदासाठी मी युरोपीय संघाची १४ घटकांची यादी वापरते, कारण ती लांब आहे. ती २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमात आहे आणि १३ डिसेंबर २०१४ पासून तिथल्या रेस्टॉरंटांनाही लागू झाली. त्यात ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, राय, बार्ली, ओट), दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, शिंपल्या-माकूळ यांच्यासारखे मृदुकाय प्राणी, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड वर्गातली फळं, सोयाबीन, तीळ, मोहरी, सेलरी, ल्युपिन नावाचं कडधान्य आणि पदार्थ टिकवायला घालतात ते सल्फाइट, किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर, एवढे येतात. अमेरिकेच्या यादीत नऊच आहेत, त्यात तीळ २०२३ पासून धरले जातात.

यातलं ल्युपिन तुम्हाला बहुधा कधी भेटणार नाही. भेटतील ते बाटल्यांत लपलेले घटक. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. वूस्टरशर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही मासा असतो. मेयोनीजमध्ये अंडं, आणि पुष्कळदा मोहरीही. ऑयस्टर सॉसमध्ये कालवं. लेबल न वाचता यातलं काहीच कळत नाही, म्हणून फोटोंचा एवढा आग्रह.

कार्डावर कसं लिहायचं? छोटी चित्रं किंवा १ ते १४ आकडे छान दिसतात, पण त्यांचा अर्थ दुसऱ्या पानावर असतो आणि भुकेला माणूस पानं उलटत नाही. ४६ पदार्थांच्या कार्डावर शब्दांना जागा होते. वर्णनाखाली, थोड्या बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात: "यात आहे: दूध, गहू, काजू, अंडं, सेलरी." काजू म्हणजे काजू लिहायचं, आणि "ग्लुटेन" लिहिलं तरी धान्याचं नाव हवंच, कारण एखाद्याला गहू चालत नाही पण ओट चालतात. ज्या पदार्थात यादीतलं काहीच नाही तिथेही ओळ रिकामी ठेवू नका. "१४ पैकी काही घातलेलं नाही" असं लिहा. रिकामी जागा पाहून घटक नाही की तपासलाच नाही, हे कुणालाच कळत नाही.

"घातलेलं नाही" हे शब्द मी मुद्दाम वापरते. "ग्लुटेनमुक्त" किंवा "शेंगदाणामुक्त" हा वेगळाच दावा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लुटेनमुक्त म्हणवून घ्यायला पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ज्या किचनमध्ये मैदा उडतो, एकच फळी आणि एकच चिमटा सगळीकडे फिरतो, तिथे हे पाळता येत नाही. बटाट्याचे काप नुसते बटाट्याचेच असतात, पण त्याच तेलात पिठात घोळवलेला मासा तळला असेल तर त्या कापांवर गहू आणि मासा दोन्ही आहेत. अशा पदार्थांखाली "गहू आणि मासा तळलेल्या तेलातच तळलेलं" असं सरळ लिहावं. तळल्याने किंवा उकळल्याने ॲलर्जी करणारी प्रथिनं नाहीशी होतात या भरवशावर राहू नये, आणि वरचे काजू वेचून काढल्याने सूप चालेल असंही होत नाही. हाताला जेल चोळूनही भागत नाही, साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. जेलने जंतू मरतात, शेंगदाण्याचा अंश हातावर तसाच राहतो.

तळाशी एकच ओळ छापून मोकळं व्हायचा मोह होईल: "आमच्या सर्व पदार्थांत कोणतेही ॲलर्जीकारक घटक असू शकतात." ही ओळ वाचून ॲलर्जी असलेला माणूस उठून जातो, किंवा अशा ओळी हजारदा पाहिल्या असल्याने तिकडे दुर्लक्ष करून जेवतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही ते नाहीच. त्याऐवजी मी पहिल्या पानावर हे लिहायला सांगते: "ॲलर्जी असेल तर ऑर्डरआधी सांगा. आमच्याकडे प्रत्येक पदार्थाच्या साहित्याची वही आहे." ती वही म्हणजे तुमचे ते ४६ कागद, एका फाइलमध्ये, काउंटरवर.

वेटरला सगळं पाठ करायला लावू नका. त्याला एकच वाक्य शिकवा: "थांबा, वही बघून सांगतो." आणि "बहुतेक नसेल" हे शब्द बंद करा. गिऱ्हाईक "दूध चालत नाही" म्हणालं तर त्याने एक उलटप्रश्न विचारावा, पचत नाही की ॲलर्जी आहे. ज्याला दुधातली साखर पचत नाही त्याचं पोट बिघडेल, पण दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. किचनला निरोप देताना हा फरक चिठ्ठीवर लिहिलेला हवा.

सगळं जुळवलेलं कार्ड साध्या कागदावर काढा आणि दोन आठवडे तेच वापरा. लॅमिनेशन नंतर. पहिल्यासारखीच एक प्रत पुन्हा दोरीला बांधून खुणा मोजा. "व" आणि "कि" कमी व्हायला हव्यात. "अ" मात्र बहुधा वाढतील, कारण इथे विचारलं तर उत्तर मिळतं हे लोकांना कळतं. तेवढ्यावरून काही बिघडलंय असं समजू नका.

कार्डाच्या कोपऱ्यात महिना आणि साल छापा. किचनमध्ये सामान घेणाऱ्या एका माणसावर जबाबदारी टाका, की पाकिटाची कंपनी बदलली तर लेबल वाचल्याशिवाय ते फळीवर ठेवायचं नाही, आणि घटक बदलला असेल तर त्याच दिवशी वहीत आणि सगळ्या कार्डांवर पेनाने दुरुस्ती करायची. हाताने केलेली दुरुस्ती दिसायला वाईट दिसते, दिसू द्या. नवं कार्ड आलं की जुन्या प्रती मोजून परत घ्या. एक हमखास काउंटरच्या खणात राहते, एक पार्सलच्या पिशव्यांत, आणि एकीचा फोटो तुमच्याच फोनवरून कुणाला तरी पाठवलेला असतो.